सल्लागाराला बँक स्टेटमेंट देताना नाव झाका, रक्कम उघडी ठेवा

प्रश्न: आम्ही नवरा-बायकोने एका फी घेणाऱ्या आर्थिक सल्लागाराकडे जायचं ठरवलंय. त्यांनी आमच्या बचत खात्यांची वर्षभराची स्टेटमेंट्स मागितली आहेत. माझे उपचार चालू आहेत आणि मी भावाला अधूनमधून पैसे देते, ते कुणाला गेले हे त्यांना दिसू नये असं वाटतं. पण झाकझाक केली तर बेरजा खऱ्या आहेत हे त्यांना कसं पटणार? नेमकं काय झाकू?

उत्तर:

उपचारांचे पैसे कुणाला गेले, हे तुम्हाला झाकता येईल. किती गेले, हे मात्र तो एकच आकडा खोडून झाकता येणार नाही. मी एकवीस वर्षं लोकांच्या घरखर्चाचे आणि गुंतवणुकीचे हिशेब बघते आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी निम्म्या तरी झाकलेल्या स्टेटमेंट्समध्ये रक्कम खोडलेली असते आणि नाव तसंच असतं. म्हणजे जे झाकायला हवं ते उघडं, आणि जे तपासायला हवं ते गायब.

कारण शिल्लकीच्या रकान्यात आहे. स्टेटमेंटमधली प्रत्येक ओळ वरच्या ओळीला बांधलेली असते: आधीची शिल्लक, त्यात जमा मिळवा, नावे म्हणजे खात्यातून गेलेली रक्कम वजा करा, की या ओळीची शिल्लक येते. तुमच्यासारख्याच एका खात्याचा एक महिना घेऊ. आकडे मी बनवलेले आहेत, पण रचना खरी आहे.

| तारीख | तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ एप्रिल | सुरुवातीची शिल्लक | | | ८४,२५० |
| १ एप्रिल | पगार | | ९२,४०० | १,७६,६५० |
| ३ एप्रिल | गृहकर्जाचा हप्ता | ३१,८७० | | १,४४,७८० |
| ५ एप्रिल | एसआयपी | १०,००० | | १,३४,७८० |
| ७ एप्रिल | डॉक्टर, यूपीआय | २,५०० | | १,३२,२८० |
| ९ एप्रिल | भाऊ, यूपीआय | १५,००० | | १,१७,२८० |
| ९ एप्रिल | औषधं, यूपीआय | १,८६० | | १,१५,४२० |
| १४ एप्रिल | एटीएम | ८,००० | | १,०७,४२० |
| २१ एप्रिल | दुसऱ्या खात्यात | २५,००० | | ८२,४२० |
| २८ एप्रिल | वीजबिल | २,१४० | | ८०,२८० |
| ३० एप्रिल | लाभांश | | १,३१६ | ८१,५९६ |

समजा तुम्ही सात तारखेचे २,५०० खोडले. वर १,३४,७८० आहेत, त्याच ओळीत शिल्लक १,३२,२८० आहे. वजाबाकी केली की आकडा समोर. बरं, त्या ओळीची शिल्लकही खोडली, तरी खालच्या ओळीत १५,००० नावे पडून १,१७,२८० उरलेत, म्हणजे त्याआधी १,३२,२८० होते. पुन्हा तेच २,५००. आणि ती ओळच काढून टाकली तर साखळी तुटते. तुटलेली साखळी बघितली की कुठलाही सल्लागार आधी हेच विचारतो, की इथे काय होतं.

म्हणून तारीख, नावे, जमा आणि शिल्लक हे चार रकाने जसेच्या तसे ठेवा आणि झाकायचं ते तपशिलाच्या रकान्यात झाका. बँकेची माणसं त्याला नॅरेशन म्हणतात. खासगी माहिती खरी तिथे साठलेली असते, आणि लोकांना वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त. यूपीआयची एक ओळ साधारण अशी दिसते:

```
UPI/DR/509712344417/RECEIVER NAME/BANK/98XXXXXX10@upi/april fees
```

यात समोरच्याचं नाव आहे, त्याची बँक आहे, यूपीआय आयडीच्या रूपाने बहुतेक वेळा त्याचा मोबाइल नंबर आहे, आणि शेवटी तुम्ही पैसे पाठवताना लिहिलेली टीप आहे. ही टीप सगळे विसरतात. डॉक्टरांचं नाव नीट काळं केलेलं आणि पुढे "थेरपी सेशन ४" तसंच राहिलेलं, असं मी पाहिलं आहे. शिवाय कामवाल्या ताईंचा किंवा शिकवणीच्या सरांचा मोबाइल नंबर ही त्यांची माहिती आहे, ती तुम्ही का वाटावी? झाकल्यावर ओळ अशी उरली पाहिजे:

```
UPI/DR/████████4417/████████/████/████████/████████
```

सुरुवातीचे शब्द राहू द्या, कारण व्यवहार यूपीआयने झाला, चेकने, एटीएममधून की आपोआप वळता झाला, एवढं मला कळायला हवं. संदर्भ क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही ठेवा, त्यांचा उपयोग पुढे सांगते. पूर्ण क्रमांक मात्र देऊ नका. "ताई, तुमचा अमुक क्रमांकाचा, अमुक रकमेचा व्यवहार अडकलाय" असा फोन आला की माणूस पटकन विश्वास ठेवतो, आणि तशा फोनसाठी लागणारं सगळं त्या एका ओळीत असतं.

बाकीच्या ओळींनाही हाच न्याय. कर्जाच्या हप्त्यात कर्जखात्याचा क्रमांक छापलेला असतो, विम्याच्या हप्त्यात पॉलिसी क्रमांक, वीजबिलात ग्राहक क्रमांक. हे सगळे क्रमांक काळे करा, पण हप्ता कशाचा आहे ते वाचता आलं पाहिजे. पानाच्या माथ्यावर पत्ता, मोबाइल, ईमेल, ग्राहक क्रमांक आणि नॉमिनीचं नाव असेल तर ते झाका. खातेदाराचं नाव, बँकेचं नाव, स्टेटमेंटचा कालावधी आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ठेवा. काही बँकांच्या स्टेटमेंटमध्ये हा मजकूर प्रत्येक पानावर छापला जातो. पहिलं पान झाकून लोक थांबतात आणि दुसऱ्या पानापासून सगळं उघडं राहतं.

जमेच्या बाजूला मी वेगळं सांगेन: तिथे शक्यतो काही झाकू नका. खर्च कुणाकडे गेला यावरून माझा सल्ला फारसा बदलत नाही, पण पैसा कुठून आला यावरून बदलतो. पगार, व्याज, लाभांश, भाडं, वडिलांनी दिलेली रक्कम, मित्राने परत केलेली उसनवारी यांचा अर्थ वेगळा आणि कराच्या दृष्टीने वागणूकही वेगळी. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांच्या वर भेट आली तर ती करपात्र ठरू शकते, नातेवाईकांकडून आली तर नाही. म्हणून नाव झाकायचंच असेल तर शेजारी नातं लिहा. तुमचं विवरणपत्रही हेच सल्लागार भरणार असतील तर जमेची बाजू पूर्ण उघडी द्या.

एकवीस तारखेच्या २५,००० कडेही बघा. ते तुमच्याच दुसऱ्या खात्यात गेलेत, खर्च झालेले नाहीत. दोन्ही खात्यांच्या स्टेटमेंट्समध्ये तो तपशील काळा केलात तर एकीकडे २५,००० खर्च आणि दुसरीकडे २५,००० उत्पन्न दिसेल. वर्षाचे तीन लाख दोन्हीकडे फुगले. प्रत्येक खात्याला एक अक्षर द्या, अ, ब, क, आणि आपसातल्या प्रत्येक व्यवहारापुढे "ब खात्यात", "अ खात्यातून" असं लिहा. तुम्हा दोघांची खाती असल्याने हे फार वेळा येईल. संयुक्त खातं असेल तर काय झाकायचं ते नवऱ्यालाही विचारा, त्यात त्यांचेही व्यवहार आहेत.

झाकलेली प्रत्येक ओळ मुकी राहू देऊ नका. शेजारी एक शब्द हवा. डॉक्टर आणि औषधांसाठी "वैद्यकीय" पुरे. दर मंगळवारी ठरावीक रक्कम जात असेल आणि त्या नियमितपणावरूनच अंदाज येईल असं वाटत असेल तर नुसतं "खासगी" लिहा, मला चालतं. फक्त एक विनंती आहे. सल्लागार तुम्हाला आरोग्यविम्याबद्दल सांगणार असतील तर उपचार चालू आहेत, एवढं तोंडी तरी सांगा. विम्याच्या प्रस्तावात चालू आजार लिहावाच लागतो, आणि तो न लिहिल्यामुळे पुढे दावा नाकारला गेलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत.

भावाच्या बाबतीत नावापेक्षा पैशाचं स्वरूप महत्त्वाचं. "उसने, परत येणार" असेल तर ते तुमचं येणं झालं. "मदत" असेल आणि दर महिन्याला जात असेल तर वर्षाला १,८०,००० ची बांधिलकी झाली आणि आपत्कालीन निधी ठरवताना ती धरावी लागते. यासाठी भाऊ हा शब्दसुद्धा लागत नाही. "कौटुंबिक मदत" पुरेसं आहे.

आता एखादी रक्कमसुद्धा दिसू नये असं खरंच वाटत असेल तर लागोपाठच्या ओळींचा गठ्ठा करा. वरच्या तक्त्यात ७ आणि ९ एप्रिलच्या तीन ओळींच्या रकमा आणि पहिल्या दोन ओळींची शिल्लक झाका. शेजारी लिहा: "३ नोंदी, नावे एकूण १९,३६०". गठ्ठ्याच्या वर १,३४,७८० दिसतात, शेवटी १,१५,४२०. फरक १९,३६०. साखळी शाबूत, पण तिन्हींपैकी एकही रक्कम सुटी काढता येत नाही. गठ्ठा निदान तीन ओळींचा असावा. दोनच असतील आणि त्यातली एक दर महिन्याला ठरलेली असेल तर दुसरी आपोआप कळते. गठ्ठ्यात जमेची ओळही आली तर नावे आणि जमा या दोन बेरजा वेगळ्या लिहा, नुसता फरक नको, नाहीतर महिन्याची एकूण बेरीज जुळणार नाही. महिन्यात एखाद-दुसरा गठ्ठा ठीक. त्याहून जास्त झाले की खर्चाचा अंदाज बांधायला ते स्टेटमेंट उपयोगाचं राहत नाही.

सल्लागार खात्री कशी करेल? पहिली तपासणी बेरजेची. बऱ्याच स्टेटमेंट्सच्या शेवटी बँक सारांश छापते: सुरुवातीची शिल्लक, एकूण जमा, एकूण नावे, दोन्हींच्या नोंदींची संख्या आणि अखेरची शिल्लक. तो चौकोन अजिबात झाकू नका. आपल्या उदाहरणात जमा ९३,७१६ दोन नोंदींत, नावे ९६,३७० आठ नोंदींत. ८४,२५० अधिक ९३,७१६ वजा ९६,३७० म्हणजे ८१,५९६, तेच शेवटी आहेत. नोंदींची संख्या कामाची, कारण त्यावरून मधली ओळ गायब नाही हे कळतं. महिन्या-महिन्याचे सांधेही जुळले पाहिजेत: एप्रिलची अखेर तीच मेची सुरुवात. पाने गाळू नका, रिकामं किंवा नुसत्या सूचनांचं पानसुद्धा द्या, म्हणजे "१२ पैकी ७" असे आकडे सलग राहतील.

ओळीओळीची तपासणी तुम्ही स्वतःच आधी करून बघा. बँकेच्या साइटवरून स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवा. नावे डी रकान्यात, जमा ई मध्ये, शिल्लक एफ मध्ये असेल आणि सुरुवातीची शिल्लक दुसऱ्या ओळीत असेल तर जी रकान्याच्या तिसऱ्या ओळीत हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=ROUND(F2-D3+E3-F3,2)
```

सगळीकडे शून्य आलं पाहिजे. दोन ठिकाणी अडतं. काही बँकांच्या फाइलमध्ये आकडे मजकूर म्हणून येतात, मग बेरीज शून्य येते किंवा सूत्र चूक दाखवतं. आधी त्यांचं आकड्यांत रूपांतर करून घ्या. आणि काही ठिकाणी ताजा व्यवहार सगळ्यात वर असतो. तेव्हा साखळी खालून वर जाते, म्हणून आधी क्रम उलटा करा. पण तो फक्त तारखेवर लावू नका, एका दिवसातले व्यवहार मागेपुढे होतात. ओळींना अनुक्रमांक देऊन त्यावर उलटा करा.

हीच तपासणी सल्लागारही करतो. एका गृहस्थांनी मला एक्सेल पाठवलं होतं, त्यातल्या काही ओळी काढून. दर महिन्याच्या पाच तारखेला साखळी बरोबर ६,४०० ने तुटत होती. विचारल्यावर कळलं, घरी न सांगता घेतलेलं वैयक्तिक कर्ज होतं. मला त्यांना दोष द्यायचा नव्हता, पण तो हप्ता न धरता केलेली योजना पहिल्याच तिमाहीत कोसळली असती. ओळ ठेवून "हप्ता, खासगी" एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

दुसरी खात्री नमुन्याची. बेरजा जुळल्या म्हणजे तुम्ही लावलेले शब्द खरे, असं होत नाही. "वैद्यकीय" लिहिलेली रक्कम कशाचीही असू शकते. म्हणून भेटीत सल्लागाराला झाकलेल्या ओळींपैकी कुठल्याही तीन-चार निवडायला सांगा. निवड त्यांनी करायची. मग तुम्ही तुमच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर नेटबँकिंग उघडून तेवढ्याच ओळी दाखवायच्या, फाइल द्यायची नाही. संदर्भ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे इथे कामाला येतात, त्यावरून तीच ओळ आहे हे दोघांनाही कळतं. ज्या दोन-चार ओळी दाखवायच्याच नाहीत त्या आधी सांगून बाजूला ठेवा. मला आजवर कुणी असं प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून काम अडलेलं नाही.

मूळ पीडीएफ जपून ठेवा. अनेक बँका ई-स्टेटमेंटवर डिजिटल सही करतात. तुम्ही झाकून नवी फाइल केलीत की ती सही उरत नाही, त्यामुळे कधी वाद झाला तर मूळ फाइल हाच तुमचा पुरावा.

आता झाकण्याची रीत, कारण सगळं नीट ठरवूनही लोक इथे फसतात. पीडीएफवर काळी चौकट काढली की मजकूर जात नाही, तो चौकटीखाली असतो. सिलेक्ट करून कॉपी केला की सगळा बाहेर. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदात हेच झालं होतं: काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी नुसता कॉपी-पेस्ट करून वाचला. फोनमधल्या हायलायटर पेनाने फासलेला काळा रंगही अर्धपारदर्शक असतो, उजेड-गडदपणा वाढवला की अक्षरं उगवतात.

फुकटातला भरवशाचा मार्ग म्हणजे लिबरऑफिस ड्रॉ. त्यात पीडीएफ उघडा, `Tools > Redact` निवडा, चौकटी काढा आणि त्याच पट्टीवरचा `Redacted Export` वापरा. त्यातून निघणाऱ्या पीडीएफमध्ये पानं चित्र म्हणून असतात, खाली मजकूर उरत नाही. अ‍ॅक्रोबॅट प्रो असेल तर त्यातलं `Redact` चालेल, पण शेवटी `Apply` दाबल्याशिवाय काहीच पुसलं जात नाही. संगणकाशी जमत नसेल तर प्रिंट काढा, कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाका आणि त्याची झेरॉक्स स्कॅन करा. नुसत्या मार्करने फासलेला कागद उजेडासमोर धरला की वाचता येतो.

पाठवण्याआधी तयार फाइल उघडून `Ctrl+A`, `Ctrl+C` करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. लिबरऑफिसच्या फाइलमधून काहीही आलं नाही पाहिजे; अ‍ॅक्रोबॅटच्या फाइलमधून न झाकलेला मजकूर येईल, पण झाकलेलं काही येता कामा नये. झाकलेला एक शब्द जरी आला तरी पुन्हा करा.

फाइलचं नावही बघा. बँकेतून उतरवलेल्या फाइलच्या नावात कधीकधी पूर्ण खाते क्रमांक असतो, माथा झाकून त्याचा उपयोग शून्य. "अ-खाते-एप्रिल" असं साधं नाव द्या. आणि मूळ फाइलचा पासवर्ड कुणाला सांगू नका. अनेक बँकांत तो नावाची अक्षरं आणि जन्मतारीख किंवा ग्राहक क्रमांकावरून बनतो, म्हणजे तो सांगणं म्हणजे तीच माहिती देणं. झाकलेल्या फाइलला स्वतःचा नवा पासवर्ड लावा आणि तो फोनवर सांगा, फाइलसोबत त्याच चॅटमध्ये नको.

चित्रांच्या पीडीएफमधून सल्लागाराला आकडे उचलता येत नाहीत, म्हणून ते एक्सेलही मागतील. द्या, पण बँकेची फाइल झाकून नका देऊ. कोरी फाइल घेऊन त्यात तारीख, प्रकार, तुमचा शब्द, नावे, जमा, शिल्लक एवढंच फक्त किमती म्हणून पेस्ट करा. लपवलेला रकाना एका क्लिकमध्ये उघडतो, आणि पांढऱ्या रंगातली अक्षरं सेलवर बोट ठेवलं की वर दिसतात.

ही सगळी झाकाझाक घरच्या नियोजनापुरतीच. गृहकर्ज, व्हिसा किंवा आयकर खात्याची नोटीस यांसाठी स्टेटमेंट जसंच्या तसं द्यावं लागतं, तिथे एक काळी पट्टीसुद्धा संशय निर्माण करते. धंद्याचं चालू खातं असेल तरीही नावं झाकू नका. कुणाला किती दिले यावरच तिथला हिशेब उभा असतो, आणि एका दिवसात एकाच व्यक्तीला दिलेली रोख रक्कम १०,००० च्या वर गेली तर तो खर्च करासाठी नामंजूर होऊ शकतो.

बारा महिन्यांचं काम एका बैठकीत करायला घेऊ नका. एकच महिना झाका, वर सांगितलेल्या तपासण्या करा आणि तो सल्लागाराला पाठवून "एवढं पुरेल का?" असं विचारा. त्यांनी आणखी काही उघडं मागितलं तर ते कशासाठी हवं हेही विचारा. उत्तर पटलं तर उरलेले अकरा महिने त्याच पद्धतीने करा.